लस उन्हाने बिघडते, बर्फानेही

नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो: लस कोणत्या तापमानाला ठेवावी? उत्तर क्षणात येते, ‘दोन ते आठ अंश सेल्सिअस.’ लगेच दुसरा प्रश्न विचारला, की पेंटाव्हॅलंटची कुपी चुकून उणे दोन अंशांपर्यंत गेली तर काय होईल, तर बहुतेक विद्यार्थिनी थोडा विचार करून सांगतात, ‘सर, जास्त थंड राहील, म्हणजे जास्त टिकेल.’ हे उत्तर चुकीचे आहे. ते एखाद्या वर्गापुरते किंवा एखाद्या महाविद्यालयापुरते नाही. जून १० तारखेला शिकून जुलैमध्ये विसरलेली ही गोष्ट नव्हे. आपण शिकवतोच अशा पद्धतीने, की तर्काने विचार करणारी मुलगीही याच उत्तरावर पोचावी.

यामागे इतिहास आहे. आपल्याकडे लसीकरणाची यंत्रणा उभी राहिली ती उष्णतेच्या धास्तीत. विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वीज जाते, गाडी बंद पडते आणि तोंडावाटे देण्याची पोलिओची लस तर उष्णतेला सगळ्यांत हळवी. त्यामुळे ‘थंड ठेवा, थंड ठेवा’ हा एकच धडा पिढ्यान्‌पिढ्या घोटला गेला. तो त्या काळी बरोबर होता, आजही अर्धा बरोबर आहे. पण राहिलेला अर्धा भाग असा, की वेळापत्रकातल्या टोचून देण्याच्या अनेक लसी उष्णता काही काळ सोसतात, गोठणे मात्र अजिबात सोसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील १० राज्यांमधल्या तापमान नोंदींच्या अभ्यासात लसी आठ अंशांच्या वर जाण्याबरोबरच शून्याच्या खाली गेल्याचेही साठवणीत आणि वाहतुकीत दिसले होते. म्हणजे हा धोका पुस्तकी नाही.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात लसीकरणाचे वेळापत्रक एका धड्यात असते आणि शीतसाखळी दुसऱ्या धड्यात. पहिला धडा तक्ता पाठ करण्याचा, दुसरा उपकरणांची नावे पाठ करण्याचा. माझे म्हणणे असे, की हे दोन धडे एकच आहेत आणि ते वेगळे शिकवल्यामुळेच दोन्ही कच्चे राहतात. बाळाला आज कोणती लस द्यायची हे ठरवणाऱ्या सिस्टरला त्या लसीला कशाची भीती आहे हेही त्याच क्षणी आठवले पाहिजे. एक उदाहरण घेऊन ते सविस्तर पाहू.

साखर कारखान्याच्या फडावरचे बाळ

समजा, बीड जिल्ह्यातल्या एका गावात १० ऑगस्टला एक मुलगी जन्मली. जन्मतः बीसीजी, पोलिओची शून्य मात्रा आणि हिपॅटायटिस ‘बी’ची मात्रा मिळाली. पुढे २४ सप्टेंबरला, दीड महिन्याची झाल्यावर, पेंटा-१, तोंडावाटे पोलिओ-१, रोटा-१, आयपीव्हीची पहिली अंशमात्रा आणि न्यूमोकोकलची म्हणजे पीसीव्हीची पहिली मात्रा मिळाली. दिवाळीच्या सुमारास कुटुंब ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात गेले. मधले दोन्ही ठरलेले दिवस, अडीच महिन्यांचा आणि साडेतीन महिन्यांचा, फडावरच निघून गेले. आता १५ जानेवारीला तिथल्या उपकेंद्राच्या सत्रात आई कार्ड घेऊन आली आहे. बाळ पाच महिन्यांचे आहे. आज काय द्यायचे?

हा प्रश्न मी विद्यार्थिनींना देतो तेव्हा साधारण तीन उत्तरे येतात. पहिले उत्तर: ‘फार अंतर पडले, पुन्हा पेंटा-१ पासून सुरू करू.’ हे चूक आहे. लसीची मालिका खंडित झाली म्हणून पहिली मात्रा वाया जात नाही. शरीराने पहिली ओळख लक्षात ठेवलेली असते; उशीर झाला तर संरक्षण उशिरा मिळते, पण जिथे थांबलो तिथूनच पुढे जायचे. दुसरे उत्तर: ‘दहा आठवड्यांचा रकाना राहिलाय, तर त्यातल्या तीन लसी देऊ, पेंटा-२, पोलिओ-२, रोटा-२.’ हे अर्धे बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त फसवे. तिसरे उत्तर क्वचित येते, पण प्रत्यक्षात कानावर पडते: ‘कार्ड दुसऱ्या जिल्ह्याचे आहे, तिकडेच घ्या.’ त्यावर काही लिहिण्याची गरज नाही.

बरोबर उत्तरासाठी तक्त्याकडे रकान्यांनुसार न पाहता एकेका लसीकडे पाहावे लागते. प्रत्येक लसीला तीन प्रश्न विचारायचे: पुढच्या मात्रेसाठी बाळाचे किमान वय झाले का, मागच्या मात्रेपासून किमान अंतर पडले का आणि कमाल वयाची मर्यादा ओलांडली तर नाही ना. पेंटाची मागची मात्रा २४ सप्टेंबरची. पेंटाच्या दोन मात्रांत चार आठवड्यांचे अंतर हवे, इथे सोळा झालेत. म्हणून पेंटा-२ आज. पोलिओ-२ आणि रोटा-२ यांचेही तसेच. आता पीसीव्ही. तिची दुसरी मात्रा तक्त्यात १४ आठवड्यांच्या रकान्यात आहे, दहाच्या नाही. पण बाळ आज बावीस आठवड्यांचे आहे, म्हणजे १४ आठवडे केव्हाच पूर्ण झाले आणि पहिल्या मात्रेला सोळा आठवडे लोटले. मग पीसीव्ही-२ आजच द्यायची. आयपीव्हीच्या दुसऱ्या अंशमात्रेचेही हेच. ‘दहाचा रकाना आज, चौदाचा पुढच्या महिन्यात’ असे म्हणणारी विद्यार्थिनी या दोन लसी विनाकारण महिनाभर मागे ढकलते, तेही अशा बाळाच्या, जे पुढच्या महिन्यात इथे असेलच याची खात्री नाही.

म्हणजे आज पाच गोष्टी: दोन तोंडावाटे आणि तीन टोचून. पेंटा डाव्या मांडीच्या मधल्या बाहेरच्या भागात अर्धा मिलिलिटर, पीसीव्ही उजव्या मांडीत अर्धा मिलिलिटर आणि आयपीव्ही उजव्या दंडावर कातडीच्या आत ०.१ मिलिलिटर. पुढची तारीख चार आठवड्यांनी, १२ फेब्रुवारी. तेव्हा पेंटा-३, पोलिओ-३ आणि रोटा-३. त्यानंतर १० मे रोजी नऊ महिने पूर्ण होतील. तेव्हा गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, पीसीव्हीची वर्धक मात्रा आणि आयपीव्हीची तिसरी अंशमात्रा. तोवर गळीत हंगाम संपून कुटुंब बीडला परतलेले असेल. म्हणून या दोन्ही तारखा कार्डावर लिहायच्या आणि आईला तोंडी सांगायच्या: ‘ताई, फेब्रुवारीची सुई इथेच, मे महिन्याची गावी. कार्ड सांभाळा, ते हरवू देऊ नका.’

कमाल वयाचा प्रश्न या बाळाला लागू झाला नाही, पण त्याच सत्रात तो कुठेही उभा राहू शकतो. हीच मुलगी एकही पेंटा न घेता चौदा महिन्यांची होऊन आली असती तर उत्तर बदलले असते. पेंटा एक वर्षाच्या आत सुरू करायची असते; त्यानंतर आलेल्या बाळाला आपल्या कार्यक्रमात पेंटाऐवजी डीपीटी देतात आणि रोटा नव्याने सुरू करत नाहीत. पण पेंटाची एक जरी मात्रा वर्षाच्या आत झाली असेल, तर राहिलेल्या मात्रा पेंटाच्याच द्यायच्या. हा फरक तक्ता पाठ करून येत नाही. दहा-बारा बाळांच्या कार्डांवर तारखा मोजून येतो.

आता डबा उघडूया

आपण या बाळासाठी ज्या तीन सुया ठरवल्या, त्या पेंटा, पीसीव्ही आणि आयपीव्ही. या तिन्ही लसी गोठल्या की निकामी होतात. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस मात्र उलट स्वभावाची: तिला उष्णता चालत नाही, गोठलेली चालते. एकाच बाळाला, एकाच टेबलावर, एकाच डब्यातून काढलेल्या या लसींची दुखणी परस्परविरोधी आहेत. वेळापत्रक आणि शीतसाखळी हा एकच धडा आहे असे मी म्हणतो ते यासाठी.

पेंटासारख्या लसीत नेमके काय बिघडते ते समजून घेऊ. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘बी’ आणि हिब या पाच रोगांविरुद्धचे घटक त्यात ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेले असतात. कुपी हलवल्यावर ती दुधाळ दिसते, ती या कणांमुळे. हा क्षार शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करतो. तो नसेल तर लसीचा परिणाम क्षीण होतो. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक हे कण एकमेकांवर दाबतात आणि त्यांचे गठ्ठे होतात. बर्फ वितळला तरी गठ्ठे सुटत नाहीत. फाटलेले दूध पुन्हा सारखे होत नाही, तसेच हे. अशी लस टोचली तर अपेक्षित संरक्षण मिळत नाही आणि टोचलेल्या जागी सूज किंवा जंतूविरहित गळू होण्याची शक्यता वाढते.

सगळ्यांत वाईट गोष्ट अशी, की हे घडल्याचे कुणाला कळत नाही. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे आतला चौकोन आणि बाहेरचे वर्तुळ असलेला तो छोटा ठिपका, फक्त उष्णतेचा हिशेब ठेवतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, तितकाच किंवा अधिक गडद झाला तर टाकायची. कुपी रात्रभर गोठून सकाळी वितळली तरी तो चौकोन पांढराशुभ्रच राहतो. विद्यार्थिनी व्हीव्हीएम पाहते, समाधानाने मान हलवते आणि लस देते. कार्डावर आणि संगणकावर ‘पेंटा-२ दिली’ अशी नोंद होते. तीन वर्षांनी त्या वस्तीत घटसर्पाचा रुग्ण निघाला तर सगळे म्हणतात, ‘पण याचे लसीकरण पूर्ण आहे!’ पेंटाची एक कुपी दहा मात्रांची असते. उघडलेली कुपी अटी पाळल्या तर अठ्ठावीस दिवसांपर्यंत पुढच्या सत्रांत वापरता येते. म्हणजे एका गोठलेल्या कुपीचा फटका एका गावापुरताही राहत नाही.

गोठते कुठे?

प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर हा वरून उघडणारा फ्रीज. त्यात सगळ्यांत थंड जागा तळाची. म्हणून पेंटा, पीसीव्ही, आयपीव्ही, हिपॅटायटिस ‘बी’, टीडी या लसी तळाला टेकवून ठेवायच्या नाहीत. त्या टोपलीत, वरच्या भागात. आज बहुतेक शीतसाखळी केंद्रांत तापमानाची नोंद करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे आणि तापमान बिघडले तर संदेशही जातो. त्यामुळे फ्रीजवर निदान कुणाचे तरी लक्ष असते. खरा धोका त्यानंतरच्या शेवटच्या टप्प्यात आहे, केंद्रातून सत्राकडे जाणाऱ्या निळ्या डब्यात, व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये. त्यात यंत्र नाही, संदेश नाही. आहेत फक्त चार आइसपॅक आणि ते भरणाऱ्या व्यक्तीची समज.

डीप फ्रीझरचे तापमान उणे पंधरा ते उणे पंचवीस अंश. त्यातून काढलेला आइसपॅकही तितकाच थंड असतो. त्याच्या पोटाशी पेंटाची कुपी टेकली तर ती शून्याखाली जायला वेळ लागत नाही. हे टाळण्याचा उपाय साधा आहे: आइसपॅक बाहेर काढून टेबलावर एकमेकांत अंतर ठेवून मांडायचे आणि ‘कंडिशन’ होऊ द्यायचे. पृष्ठभागावर दवासारखे पाण्याचे थेंब जमले आणि कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खळखळले, की पॅक तयार.

हे का चालते, ते विद्यार्थिनींना सांगितलेच पाहिजे, कारण कारण समजले की कृती विसरत नाही. बर्फ आणि पाणी एकत्र असतात तोवर त्यांचे तापमान शून्यावर स्थिर राहते. सगळा बर्फ वितळेपर्यंत ते वर जात नाही आणि उणे वीस अंशांची साठलेली थंडी संपलेली असल्याने खालीही जात नाही. म्हणजे आत पाणी खळखळणारा आइसपॅक हा शून्य अंशावर अडकवलेला पॅक आहे; त्याच्या मधोमध, झिपच्या पिशवीत ठेवलेली कुपी शून्याच्या थोडी वर राहते. आपल्याला तेच हवे. याच कारणाने पॅकमध्ये साधे पाणी भरायचे, मीठ घालायचे नाही. मिठाचे पाणी शून्याच्या बरेच खाली गोठते आणि तो सगळा हिशेब मोडतो.

इथे शिकवण्यातली आणखी एक चूक दिसते. काही ठिकाणी विद्यार्थिनींना कंडिशनिंगची मिनिटे पाठ करायला लावतात. पण हा वेळ खोलीच्या तापमानावर अवलंबून आहे. मे महिन्यात चंद्रपूरला पॅक लवकर घाम सोडतो. जानेवारीत महाबळेश्वरला तोच पॅक तासाहून अधिक वेळही घट्ट राहू शकतो. म्हणून थंडीच्या दिवसांत, जेव्हा सगळ्यांना वाटते की लसीला आता काही धोका नाही, तेव्हाच गोठण्याचा धोका जास्त. घड्याळ पाहायचे नाही, पॅक हलवून पाहायचा. आणि व्यवहाराचा प्रश्नही सरळ मांडायला हवा: डबे साडेआठला निघणार असतील तर पॅक त्याआधी तास-सव्वा तास बाहेर काढणारी व्यक्ती केंद्रात हजर हवी. ती नसेल तर घाईत कडक पॅक भरले जातात. हा दोष नर्सचा नाही, वेळापत्रकाचा आहे. पण तो ओळखून वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगण्याइतकी समज नर्समध्ये असावी.

कुपी गोठली होती का, कसे ओळखायचे?

कुपी डोळ्यांदेखत बर्फ झालेली असेल तर प्रश्नच नाही, ती टाकून द्यायची. अडचण येते ती वितळलेल्या कुपीची. तिच्यासाठी ‘शेक टेस्ट’ नावाची जुनी, बिनखर्ची चाचणी आहे. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात तिची पद्धतशीर पडताळणी प्रसिद्ध झाली. नीट केली तर गोठलेल्या आणि न गोठलेल्या कुप्या ती अचूक वेगळ्या करते, असे त्यात दिसले.

पद्धत अशी. संशयित कुपीसारखीच, त्याच कंपनीची, त्याच लसीची, त्याच बॅचची दुसरी कुपी घ्यायची. तिच्यावर ठळक ‘गोठवलेली, वापरू नये’ असे लिहायचे आणि ती डीप फ्रीझरमध्ये रात्रभर पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवायची. सकाळी ती खोलीच्या तापमानाला आपोआप वितळू द्यायची. गरम पाण्यात बुडवायची नाही. आता दोन्ही कुप्या एकाच हातात धरून जोरात हलवायच्या आणि सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. त्यानंतर अर्धा तास नुसते पाहायचे, मध्ये हात लावायचा नाही.

मुद्दाम गोठवलेल्या कुपीत गठ्ठे जड असल्याने साका झपाट्याने खाली बसतो आणि वरचे पाणी नितळ होऊ लागते. चांगली कुपी मात्र बराच वेळ एकसारखी दुधाळ राहते. संशयित कुपीतला साका गोठवलेल्या कुपीपेक्षा हळू बसला तर ती गोठलेली नव्हती. तितक्याच वेगाने किंवा जास्त वेगाने बसला तर ती बिघडली आहे आणि त्याच ठिकाणी साठवलेल्या तशाच इतर कुप्याही संशयाच्या. एक गोष्ट विद्यार्थिनींना आवर्जून सांगावी लागते: बरेच दिवस उभ्या ठेवलेल्या चांगल्या कुपीतही तळाशी थोडा साका दिसतो. तो पाहून घाबरायचे नाही. हलवण्याआधीचा साका काही सांगत नाही. हलवल्यानंतर तो किती वेगाने बसतो तेच सांगते.

या चाचणीच्या मर्यादाही शिकवल्या पाहिजेत. ती क्षार असलेल्या, दुधाळ लसींसाठीच आहे. आयपीव्ही हे स्वच्छ द्रावण. तिच्यात साकाच नसतो, त्यामुळे गोठल्याचा संशय असेल तर तिच्यावर ही चाचणी चालत नाही. तुलनेसाठी गोठवलेली कुपी नसेल तर चाचणी होत नाही. एकच कुपी हलवून ‘मला तरी बरी वाटते’ म्हणणे ही चाचणी नव्हे. आणि सत्राच्या ठिकाणी, समोर रांग असताना, ती करायची गोष्टच नाही. तिथे सिस्टरचे काम एवढेच: संशय आला की कुपी वापरायची नाही, बाजूला ठेवून खूण करायची आणि केंद्रावर परत देऊन वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगायचे. निर्णय तिथे होतो.

मग शिकवायचे कसे?

मी सुचवतो ते फार मोठे नाही. पहिले म्हणजे लेखी परीक्षेत तक्ता लिहायला सांगणे कमी करावे आणि त्याऐवजी तारखांसह एखाद्या बाळाचे कार्ड द्यावे. ‘आज काय द्याल, कुठे द्याल, पुढची तारीख कोणती, आणि आज दिलेल्यांपैकी कोणत्या लसी गोठल्या तर बाद होतील?’ असे चार उपप्रश्न विचारले, की वेळापत्रक आणि शीतसाखळी एकाच उत्तरात येते. तक्ता भिंतीवर लावलेलाच असतो. परीक्षेतही तो समोर ठेवायला माझी हरकत नाही. कामाच्या ठिकाणीही तो समोरच असणार आहे.

दुसरे, प्रत्येक विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने डबा भरावा. महाविद्यालयात लस नसते, हा आक्षेप मला माहीत आहे. लस लागतच नाही. दोन कॅरिअर, आठ आइसपॅक, दोन रिकाम्या कुप्यांत पाणी आणि दोन थर्मामीटर पुरतात. एका डब्यात फ्रीझरमधून थेट काढलेले पॅक, दुसऱ्यात खळखळणारे पॅक. दर दहा मिनिटांनी दोन्ही तापमाने फळ्यावर लिहायची. पहिल्या डब्यातली रेघ शून्याच्या खाली सरकताना पाहिलेली मुलगी आयुष्यात कडक पॅक भरणार नाही. तिला त्यासाठी व्याख्यान द्यावे लागत नाही.

तिसरे, शेक टेस्ट एकदा डोळ्यांनी पाहावी. जिल्ह्याच्या लस भांडारात मुदत संपलेल्या कुप्या नियमाने नष्ट करण्यासाठी वेगळ्या काढलेल्या असतात. लेखी परवानगीने, नोंद करून, त्यातल्या दोन-चार कुप्या प्रात्यक्षिकासाठी मिळू शकतात. प्रात्यक्षिक झाल्यावर त्या पुन्हा मोजून परत द्यायच्या. यात एकच काळजी अशी, की या कुप्या चालू साठ्याच्या जवळपासही जाता कामा नयेत.

काही सहकारी म्हणतात, की शीतसाखळी हे शीतसाखळी हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम आहे, नर्सला इतके कशाला? हे म्हणणे कागदावर ठीक आहे. फ्रीजची देखभाल त्याची, नोंदवही त्याची. पण डबा सत्राच्या टेबलावर येतो तेव्हा तो उघडणारी नर्स असते. मांडलेल्या आइसपॅकवर पोलिओची आणि पाण्यात मिसळलेली गोवर-रुबेलाची कुपी ठेवायची, पेंटा आणि पीसीव्ही त्यावर ठेवायची नाही, हे त्या टेबलावर दुसरे कुणी ठरवत नाही. बीडहून आलेल्या त्या बाळाला मिळणारी पेंटा-२ खरी आहे की नुसते पाणी आणि गठ्ठे, हे ओळखण्याची संधी साखळीतल्या शेवटच्या माणसालाच मिळते.

आणि वाचक म्हणून, आई-वडील म्हणून तुमच्यासाठीही एक गोष्ट. सत्राच्या ठिकाणी सिस्टर डबा उघडून आइसपॅक कानाशी धरून हलवताना दिसल्या, तर त्या वेळ घालवत नाहीत. दोन मिनिटे थांबा. आणि एखादी कुपी त्यांनी बाजूला ठेवून ‘ही नको, दुसरी घेते’ असे म्हटले, तर त्यांच्याशी वाद घालू नका. दुसरी कुपी नसेल आणि उद्या या म्हणाल्या, तर उद्या जा. एक दिवस उशिरा दिलेली चांगली लस बाळाला पूर्ण उपयोगी पडते. वेळेवर दिलेली गोठलेली लस फक्त कार्डावर दिसते.